इतिहासाच्या पेपराआधी सनावळ्या, पेशवे आणि तह लक्षात कसे ठेवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सनावळ्यांचं नाव काढलं की बहुतेकांना घोकंपट्टी आठवते. इथे दोन साधनं घेतली आहेत: साल लक्षात ठेवण्याच्या युक्त्या आणि प्रश्नोत्तरांची छोटी कार्डं, म्हणजे फ्लॅशकार्ड. दोन्ही नीट समजावीत म्हणून एकच प्रकरण शेवटपर्यंत धरलं आहे: नारायणराव पेशव्यांच्या खुनापासून वसईच्या तहापर्यंतचा काळ. यात तह बरेच आहेत, नावं पुन्हा पुन्हा येतात, सालं एकमेकांना खेटून आहेत. विद्यार्थी गोंधळतात ते इथेच. तुमच्या अभ्यासक्रमात दुसरं प्रकरण असलं तरी रीत हीच राहील.

युक्ती नेमकी कशासाठी वापरायची? सगळंच तिच्यात बसवायचं का?

नाही. ज्याला कारण आहे ते कारणाने लक्षात ठेवायचं, ज्याला कारण नाही तेवढ्यासाठीच युक्ती वापरायची. पुरंदरचा तह सुरतेच्या तहानंतर का झाला याला कारण आहे. ते एकदा समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही. पण तो 1776 सालीच का झाला, 1777 साली का नाही, याला मनाला पटेल असं कारण नाही. तो नुसता आकडा आहे, आणि आकड्याला लटकायला खुंटी लागते.

बरेच जण उलट करतात. तहाची कलमं, कारणं, परिणाम सगळं आद्याक्षरांत कोंबतात आणि शेवटी अक्षरं उरतात, अर्थ निसटतो. एका तहासाठी एक शब्द पुरे. बाकीचं गोष्टीतून यायला हवं.

मग गोष्ट आधी की युक्ती आधी?

गोष्ट आधी. या प्रकरणाची गोष्ट अशी:

1773 साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि त्यांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबा, पेशवे झाले. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. 1774 मध्ये त्यांना मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, या तान्ह्या बाळाच्या नावाने कारभार सुरू केला आणि राघोबांना बाजूला सारलं. पद गेल्यावर राघोबा मुंबईकर इंग्रजांकडे गेले. तिथे झाला सुरतेचा तह: इंग्रजांनी राघोबांना पेशवेपदावर बसवायला फौज द्यायची, बदल्यात साष्टी आणि वसई घ्यायची.

मात्र 1773 च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टमुळे तह आणि युद्ध यांच्या बाबतीत कलकत्त्याचं सरकार मुंबईच्या वर होतं. आपल्याला न विचारता केलेला तह कलकत्त्याने नाकारला, स्वतःचा वकील कर्नल अप्टन पाठवला आणि पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. त्यात राघोबांची बाजू सोडायचं ठरलं. मुंबईकरांनी ते मनापासून मानलं नाही. लंडनच्या संचालकांचा कल सुरतेच्या तहाकडे दिसल्यावर तर ते राघोबांना घेऊन थेट पुण्यावर चालून निघाले. वाटेत मराठ्यांनी कोंडी केली आणि मुंबईच्या फौजेला वडगाव इथे नमतं घ्यावं लागलं. तो वडगावचा तह. वॉरन हेस्टिंग्जने तो मानला नाही, युद्ध चालू राहिलं आणि शेवटी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. सवाई माधवराव हेच पेशवे हे इंग्रजांनी मान्य केलं, राघोबांना तनखा ठरला, साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

त्यानंतर साधारण वीस वर्षं इंग्रज आणि मराठे यांच्यात मोठं युद्ध नाही. पुढे राघोबांचाच मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि वसईचा तह करून बसला. तैनाती फौज पेशव्यांच्या दारात आली ती या तहाने.

ही गोष्ट पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत, कुणालातरी सांगता आली पाहिजे. सांगताना जिथे ‘आणि मग...’ म्हणून थांबाल, तिथे कारण निसटलं आहे. ती जागा पुन्हा वाचा. त्याआधी कार्डं करायला बसू नका.

साल शब्दात कसं बसवायचं?

यासाठी आपल्याकडे फार जुनी आणि देवनागरीला चपखल बसणारी पद्धत आहे: कटपयादी. प्रत्येक व्यंजनाला एक अंक ठरलेला असतो. क, ट, प आणि य या चारही अक्षरांचा अंक 1, म्हणून हे नाव. कर्नाटक संगीतात मेळकर्ता रागांचा क्रमांक रागाच्या नावातच याच पद्धतीने दडवलेला असतो. तक्ता असा:

1 – क, ट, प, य
2 – ख, ठ, फ, र
3 – ग, ड, ब, ल
4 – घ, ढ, भ, व
5 – ङ, ण, म, श
6 – च, त, ष
7 – छ, थ, स
8 – ज, द, ह
9 – झ, ध, ळ
0 – ञ, न आणि शब्दात सुटा आलेला स्वर

काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अंक नाही. म्हणून ‘दार’, ‘दोर’ आणि ‘दूर’ या तिन्हींचा आकडा एकच: द 8, र 2, म्हणजे 82. शब्द तयार करायला इतकी मोकळीक मिळते ती यामुळेच. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरतात, पण सुरुवातीला जोडाक्षरांचे शब्द टाळलेलेच बरे.

एक फरक लक्षात असू द्या. परंपरेत हे अंक उजवीकडून डावीकडे वाचतात. धीरशंकराभरणम् या रागाच्या नावात धी 9 आणि र 2, पण क्रमांक 29. सालासाठी आपण सरळ डावीकडून उजवीकडे वाचू. परीक्षेच्या घाईत आकडे उलटवत बसणं धोक्याचं आहे. मात्र एकदा दिशा ठरली की ती बदलायची नाही.

तक्ता पाठ व्हायला फार वेळ लागत नाही. वर्णमाला येतच असते. क ते ञ म्हणजे 1 ते 9 आणि मग 0. ट ते न पुन्हा तसंच. प ते म म्हणजे 1 ते 5. य ते ह म्हणजे 1 ते 8, आणि ळ 9. सुरुवातीला बोटांवर मोजून काढलात तरी चालेल.

या तहांचे शब्द करून दाखवाल का?

सालातले शेवटचे दोनच अंक घ्यायचे.

सुरतेचा तह, 1775. 7 साठी छ, थ, स आणि 5 साठी ङ, ण, म, श. शब्द सुचतो ‘सण’. चित्र: राघोबा सुरतेत सण साजरा करताहेत, कारण इंग्रजांनी पेशवेपद मिळवून देण्याचं वचन दिलं आहे.

पुरंदरचा तह, 1776. 7 आणि 6: ‘छत’. चित्र: पुरंदरावरच्या वाड्याचं छत उडालं आहे आणि राघोबा उघड्यावर पडले आहेत. कलकत्त्याने त्यांच्या डोक्यावरचा आसरा काढून घेतला.

वडगावचा तह, 1779. 7 आणि 9: ‘साधू’. चित्र: इंग्रज फौज वडगावहून साधू होऊन, झोळी घेऊन परत चालली आहे. 1773 पासून मिळवलेला मुलूख सोडायचं त्यांनी कबूल केलं होतं, त्याची ही झोळी.

सालबाईचा तह, 1782. 8 आणि 2: ‘दार’. चित्र: राघोबा इंग्रजांचं दार ठोठावताहेत आणि ते कायमचं बंद झालं आहे.

वसईचा तह, 1802. 0 आणि 2: ‘नख’. चित्र: वसईच्या किल्ल्यात बाजीरावाची नखं काढून घेतली आहेत. तैनाती फौज पदरात घेतली, परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने करायचे मान्य केले. नखं गेली ती अशी.

प्रत्येक चित्रात तीन गोष्टी आहेत: तहाचं ठिकाण, सालाचा शब्द आणि तहाचा गाभा. यातली एक जरी नसली तरी चित्र अर्धवट राहतं. नुसतं ‘छत’ आठवलं आणि ते पुरंदरचं की वडगावचं हे आठवलं नाही, तर उपयोग काय?

शब्द स्वतः शोधलात तर उत्तम. ‘छत’ ऐवजी तुम्हाला ‘साच’ किंवा ‘सूत’ जवळचा वाटला तर तो घ्या. शोधताना जी पाच मिनिटं जातात त्यांतच ते साल निम्मं पाठ होतं.

शतक कसं कळायचं? ‘नख’ म्हणजे 1702 की 1802?

शतक गोष्टीतून येतं. 1702 मध्ये औरंगजेब दख्खनेत होता, पेशवाईचा उदय व्हायचा होता आणि तैनाती फौजेचा पत्ता नव्हता. प्रकरण समजलेलं असेल तर शतकात चूक होत नाही, आणि होत असेल तर ती युक्तीची चूक नाही. तेव्हा पुन्हा गोष्टीकडे जावं.

वसईच्या बाबतीत एक अंतरही मदतीला येतं. सालबाईनंतर सुमारे वीस वर्षं शांतता, म्हणजे 82 मध्ये 20 मिळवले की 1802. शिवाय हा तह 31 डिसेंबरचा, वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा. म्हणून त्याचे पडसाद, म्हणजे दुसरं इंग्रज-मराठा युद्ध, पुढच्याच सालात, 1803 मध्ये.

शब्द निवडताना काय चुकतं?

दोन चुका वारंवार दिसतात.

पहिली चूक: शब्द आकड्याला बरोबर, पण अर्थाने दिशाभूल करणारा. 82 साठी सगळ्यात आधी सुचतो तो ‘हार’. ह 8, र 2. सालबाईच्या गळ्यात हार, चित्रही झटकन तयार होतं. पण पेपरात ‘हार’ आठवला की मन पराभवाकडे जातं आणि ‘सालबाईच्या तहात मराठ्यांची हार झाली’ असं वाक्य लिहून होतं. ते चूक आहे. त्या तहाने मराठ्यांचा पेशवा मान्य झाला आणि राघोबांचा दावा संपला. वर, सालबाई ही कुणी बाई आहे असंही वाटायला लागतं. ते ग्वाल्हेरजवळचं गाव आहे. म्हणून ‘दार’ बरा. शब्द नक्की करण्याआधी स्वतःला विचारा: या चित्रावरून मी या तहाबद्दल काही खोटं तर लिहिणार नाही ना?

दुसरी चूक उच्चाराची. ‘सण’ म्हणजे 75 आणि ‘सन’ म्हणजे 70. बोलताना ज्यांच्या तोंडी न आणि ण सारखेच येतात, त्यांनी अशा जोड्या असलेले शब्द टाळावेत. सुरतेसाठी मग ‘सोम’ घ्या. स 7, म 5. ल आणि ळ, श आणि ष यांच्या बाबतीतही हेच. या जोड्यांत अंक बदलतो.

पुरंदरचे दोन तह आहेत. ते एकमेकांत मिसळतात, काय करावं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. विसरण्यापेक्षा मिसळण्यानेच जास्त गुण जातात.

पहिला पुरंदरचा तह 1665 चा, शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यातला. त्यात महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले. दुसरा 1776 चा, पुण्याचे कारभारी आणि कलकत्त्याचे इंग्रज यांच्यातला. दोन्ही एकाच जागी, दोघांचं नाव एकच. एकेकटं विचारलं तर दोन्ही येतात, पण ‘पुरंदरच्या तहातील कलमे लिहा’ असा प्रश्न आला की हात भलत्याच तहाकडे जातो.

65 साठी ‘ताशा’ घ्या: त 6, श 5. पुरंदरच्या पायथ्याशी मोगल फौजेचा ताशा वाजतो आहे. दुसरीकडे वाड्याचं छत उडालं आहे. आता या दोघांसाठी वेगळं ‘फरक कार्ड’ करा. पुढच्या बाजूला लिहा: ‘पुरंदर: ताशा कोणाचा आणि छत कोणाचं?’ मागे लिहा: ‘ताशा 1665, शिवाजी महाराज व जयसिंग, 23 किल्ले. छत 1776, पुण्याचे कारभारी व कर्नल अप्टन, राघोबांचा पाठिंबा काढला.’

एरवी एका कार्डावर दोन गोष्टी लिहू नयेत, पण फरक कार्ड याला अपवाद आहे. गोंधळ जोडीचा असतो, म्हणून प्रश्नही जोडीनेच विचारायला हवा. हे कार्ड मात्र दोन्ही तह सुटे सुटे पक्के झाल्यावरच गठ्ठ्यात घाला. दोन सारख्या गोष्टी पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी शिकलात तर त्या आणखी घट्ट चिकटतात.

पेशव्यांचा क्रम आद्याक्षरांनी पाठ होत नाही. का?

कारण आद्याक्षरं सारखीच आहेत. बाळाजी, बाजीराव, पुन्हा बाळाजी, शेवटी परत बाजीराव. मधे माधवराव आणि सवाई माधवराव. ‘बा बा बा मा...’ असं म्हणून काय हाती लागणार? बाबर, हुमायून, अकबर, जहांगीर, शाहजहान, औरंगजेब या यादीला ‘बा-हु-अ-ज-शा-औ’ चालतं, कारण तिथे प्रत्येक अक्षर वेगळं आहे. पेशव्यांच्या बाबतीत नावाचं पहिलं अक्षर न घेता ज्या शब्दाने तो पेशवा वेगळा ओळखू येतो त्याचं पहिलं अक्षर घ्या: विश्वनाथ (बाळाजी), पहिला (बाजीराव), नानासाहेब, माधवराव, नारायणराव, राघोबा, सवाई, दुसरा (बाजीराव). मग ओळ जमते:

*विठू पाठवी नाना माळा, नारद राखी सगळ्या दुपारी.*

आठ शब्द, आठ पेशवे. ‘ना’ दोनदा येतो, पण ‘नाना’ म्हणजे नानासाहेब उघडच आहे, आणि ‘नारद’ म्हणजे नारायणराव.

अशा ओळीची मर्यादाही समजून घ्या. ती नेहमी सुरुवातीपासून म्हणावी लागते. ‘सवाई माधवरावांच्या आधी कोण?’ असं विचारलं की मन पुन्हा विठूपासून निघतं. आणि 1775 मध्ये पेशवा कोण होता, हे ही ओळ सांगतच नाही. म्हणून ओळ पाठ झाली की ती मोडायची. कार्डं करा: ‘राघोबांच्या आधी कोण?’, ‘नारायणरावांच्या आधी कोण?’, ‘पानिपतानंतर कोण आलं?’ मागे जाणारे प्रश्न जास्त घ्या, कारण ओळ पुढे आपोआप जाते.

सालांसाठी इथे कटपयादीची फारशी गरज नाही. पहिल्या बाजीरावाची कारकीर्द 1720 ते 1740, गोल आकडे. त्यानंतर नानासाहेब 1761 पर्यंत, आणि 1761 म्हणजे पानिपत: लढाई जानेवारीत, नानासाहेबांचा मृत्यू त्याच वर्षी जूनमध्ये. माधवराव 1772 पर्यंत, आणि पुढच्याच वर्षी, 1773 मध्ये, नारायणरावांचा खून. एवढ्या मोजक्या खुंट्या पक्क्या असल्या की बाकीचे त्यांच्या मधे बसतात.

एका कार्डावर काय लिहायचं?

एक प्रश्न आणि एक उत्तर. उत्तर एका दमात सांगता आलं पाहिजे. ‘सालबाईचा तह’ असं पुढे आणि मागे साल, पक्ष, कारणं, कलमं, परिणाम अशी दहा ओळींची टीप, हे कार्ड कामाचं नाही. त्यातल्या सहा ओळी आल्या आणि चार आल्या नाहीत, तर ते आलं म्हणायचं की नाही? मन नेहमी ‘आलं’ म्हणतं, आणि तिथेच फसगत होते.

सालबाईचीच चार कार्डं करून पाहू.

पहिलं. पुढे: ‘सालबाईचा तह कोणत्या साली?’ मागे: ‘दार, 1782.’

दुसरं. पुढे: ‘1782 साली इंग्रज-मराठ्यांत कोणता तह झाला?’ मागे: ‘सालबाईचा.’ हे पहिल्याचंच उलट आहे, पण वगळू नका. तहावरून साल येणं आणि सालावरून तह येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कालानुक्रम लावायला सांगितला की दोन्ही लागतात.

तिसरं. पुढे: ‘सालबाईच्या तहात मध्यस्थ कोण होते?’ मागे: ‘महादजी शिंदे.’

चौथं. पुढे: ‘सालबाईने राघोबांचं काय झालं?’ मागे: ‘इंग्रजांनी पाठिंबा सोडला, तनखा ठरला, सवाई माधवराव पेशवे म्हणून मान्य.’

सालाच्या कार्डावर शब्द आणि आकडा दोन्ही मागच्या बाजूलाच लिहा. ‘दार’ पुढे लिहिलात तर कार्ड तुम्हाला कटपयादी विचारतं, इतिहास नाही.

पाच तहांची अशी वीसेक कार्डं, पुरंदरचं फरक कार्ड आणि पेशव्यांची सात-आठ. सगळी मिळून तीसच्या आसपास. एका प्रकरणाला एवढी पुरतात. शंभर कार्डं करणारे बहुधा कार्डं करण्यातच दमतात.

कार्डं फिरवायची कशी?

प्रश्न वाचा, उत्तर मोठ्याने म्हणा किंवा लिहा, आणि मगच कार्ड उलटा. मनात ‘हं, येतंय’ म्हणून उलटलेलं कार्ड मोजायचं नाही. उत्तर समोर दिसल्यावर ते ओळखीचं वाटणं आणि समोर नसताना ते आठवणं, यांत फार अंतर आहे.

मग तीन गठ्ठे. सगळी कार्डं पहिल्या गठ्ठ्यात. बरोबर आलं तर दुसऱ्यात, तिथेही बरोबर आलं तर तिसऱ्यात. चुकलं तर ते कुठेही असो, थेट पहिल्यात परत. पहिला गठ्ठा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार-पाच दिवसांनी. या पद्धतीचं श्रेय जर्मनीच्या सेबास्टियान लाइटनर यांना देतात. 1970 च्या दशकात त्यांनी ती मांडली. मर्म एवढंच की न येणाऱ्या कार्डांना जास्त वेळ मिळतो. नाहीतर आपण येणारीच कार्डं खुशीत फिरवत बसतो.

दर वेळी गठ्ठा पिसा. न पिसता फिरवलं तर छतानंतर साधू येतो हे क्रमाने पाठ होतं, आणि पेपरात क्रम बदलला की उत्तर हरवतं. एखाद्या कार्डाचा दुमडलेला कोपरा किंवा शाईचा डाग पाहूनच उत्तर सुचत असेल, तर ते कार्ड नवीन लिहा.

पेपर दोनच दिवसांवर आहे. आता काय?

नवे शब्द तयार करत बसू नका. वर दिलेले पाच जसेच्या तसे घ्या, तक्ता एका कागदावर समोर ठेवा आणि आज संध्याकाळी गोष्ट दोनदा तोंडी सांगा. त्यानंतर फक्त सालांची आणि पेशव्यांच्या क्रमाची कार्डं करा. झोपण्याआधी एकदा, उद्या सकाळी उठल्यावर एकदा आणि उद्या रात्री एकदा, एवढ्या तीन फेऱ्या करा. एका बैठकीत दहा वेळा फिरवण्यापेक्षा या तीन वेगळ्या फेऱ्या जास्त टिकतात.

वाचत राहण्याचा मोह आवरा. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून आठवून काढणाऱ्यांना जास्त आठवलं. वाचल्यावर लगेच सगळं येतंय असं वाटतं. त्या वाटण्यावर विसंबू नका.

कागद बरा की फोन?

दोन्ही चालतात. ॲपमध्ये कोणतं कार्ड कधी दाखवायचं हे आपोआप ठरतं, आणि वर्षभराचा अभ्यास असेल तर ते सोयीचं आहे. एका प्रकरणासाठी कागद घ्यावा असं माझं मत आहे. वहीच्या पानाचे आठ तुकडे केले की झालं. दुसऱ्याने बनवलेला तयार गठ्ठा मात्र उतरवून घेऊ नका. त्यात तुमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी सालं असू शकतात, आणि शब्दही तुमचे नसतात.

कार्डं सगळी येतात, तरी दीर्घोत्तरी प्रश्न जमत नाही. असं का?

कारण कार्डं तुकडे शिकवतात आणि दीर्घोत्तर जोडणी मागतं. त्यासाठी तुमचाच गठ्ठा वेगळ्या रीतीने वापरा. कोणतीही दोन कार्डं काढा, समजा ‘साधू’ आणि ‘दार’, आणि या दोघांमधली वाट चार वाक्यांत लिहा: वडगावचा तह हेस्टिंग्जने का मानला नाही, त्यामुळे युद्ध कसं चाललं, महादजी मध्ये कसे आले, शेवटी काय ठरलं. जिथे पेन अडेल तिथे एक नवीन कार्ड लागणार आहे, आणि त्याचा प्रश्न ‘का’ने सुरू होणारा हवा. ‘कलकत्त्याने सुरतेचा तह का नाकारला?’ हे एक कार्ड पाच सालांच्या कार्डांइतकं मोलाचं आहे.

पेपरात शब्द आठवला, पण अंक आठवेना. किंवा दोन शब्द आले आणि कोणता कुणाचा कळेना.

पेपर हाती आल्यावर पहिल्या मिनिटात, प्रश्न वाचण्याआधी, उत्तरपत्रिकेच्या कच्च्या कामाच्या जागेत पाच शब्द ओळीने लिहून टाका: सण, छत, साधू, दार, नख. खाली अंक मांडा: 75, 76, 79, 82, 02. वर्णमाला बोटांवर मोजली की अंक निघतात; थ हा त नंतरचा, म्हणून 7.

कोणता कुणाचा हे गोष्टीवरून तपासा. पुरंदर 1775 आणि सुरत 1776 असं लिहून झालं, तर थांबा: सुरतेचा तह नाकारूनच पुरंदरचा झाला, मग तो आधी कसा? वडगाव 1782 लिहिलंत तर विचारा: मग सालबाईने कोणतं युद्ध संपवलं? वसईचं साल सालबाईच्या वीसेक वर्षं पुढे पडतं का तेही बघा. या तीन प्रश्नांना उत्तरं जुळली की सालं जागच्या जागी बसलेली असतात, आणि मग मोठ्या प्रश्नाकडे वळायला हरकत नाही.